घर बांधताना : गच्चीचा हिशेब

जुना वाडा पाडून त्या जागी सदनिका बांधायचं अनेक घरांत चाललंय. नकाशा मंजुरीला देताना आर्किटेक्ट 'इको निवास संहिते'चं नाव घेईल. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये आणलेली ही निवासी इमारतींची संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. आपल्या शहरात ती बंधनकारक आहे का, हे स्थानिक बांधकाम नियमांत पाहावं.

छताचा नियम सोपा आहे. गच्चीतून उष्णता किती सहज आत येते, ते 'यू-व्हॅल्यू' सांगते. हा आकडा जास्तीत जास्त १.२ असावा. तो काढण्यासाठी प्रत्येक थराची जाडी (मीटरमध्ये) त्याच्या उष्णतावाहकतेने भागायची. आलेले सगळे आकडे हे त्या थरांचे रोध. त्यांची बेरीज करायची आणि १ ला त्या बेरजेने भागायचं.

समजा, इंदूरमधल्या एका इमारतीची गच्ची घेऊ. १५० मिमी स्लॅबचा रोध ०.०९५, वरच्या ५० मिमी सिमेंट कोब्याचा ०.०७, खालच्या गिलाव्याचा ०.०२. छताच्या आत-बाहेरच्या हवेचे ठरलेले रोध मिळून ०.२१. बेरीज ०.३९५, म्हणजे यू-व्हॅल्यू साधारण २.५. मर्यादेच्या दुप्पट! आता स्लॅबवर ०.०३५ वाहकतेचा २५ मिमी फोम बोर्ड घातला, तर ०.७१ ची भर पडते आणि आकडा ०.९ वर येतो. गच्ची पास. स्लॅब जाड करून हे साधत नाही, कारण काँक्रीट उष्णता सहज वाहून नेतं. गच्चीला पांढरा रंग दिला तर ती कमी तापते खरी, पण या गणितात रंग धरत नाहीत.

भिंतींना असा एकच आकडा नाही. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेचा एकत्रित हिशेब होतो आणि इंदूरसारख्या हवामानात तो १५ च्या आत हवा. भिंत चांगल्या ब्लॉकची असली, तरी पश्चिमेला सावलीविना मोठी काच लावली तर तो बिघडू शकतो.

कागदपत्रांत छताचा आणि भिंतीचा छेद द्यावा. त्यात प्रत्येक थराचं नाव, जाडी आणि वाहकता लिहावी. सोबत गणिताचा तक्ता, खिडक्यांची दिशावार यादी आणि फोम बोर्डचा प्रयोगशाळा अहवाल जोडावा. गडबड बहुधा इथेच होते : नकाशात २५ मिमी फोम, अहवाल दुसऱ्याच मालाचा आणि ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात फोमचा पत्ताच नाही. तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहा. कोबा पडण्यापूर्वी बोर्डवर मोजपट्टी ठेवून फोटोही काढा. नंतर तो थर कुणाला दिसणार नाही.