सोन्याचा तळ खाणीत सापडत नाही

१/ ‘सोन्याचा भाव खाणीच्या उत्पादनखर्चाखाली जाऊच शकत नाही, खर्च हाच भावाचा तळ.’ आमच्या गव्हाण-उलवे पट्ट्यात जमिनीच्या मोबदल्याचे पैसे सोन्यात घालू पाहणाऱ्यालाही हे वाक्य छातीठोकपणे ऐकवले जाते. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम ‘खर्च’ म्हणजे काय ते पाहू. पूर्वी खाणकंपन्या केवळ खनिज काढणे, दळणे आणि सोने वेगळे करणे एवढाच रोख खर्च सांगत. जून २०१३ मध्ये वर्ल्ड गोल्ड कौन्सिलने ‘ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट’ (एआयएससी) हे माप पुढे आणले. खाण चालू ठेवण्यासाठी लागणारी यंत्रे, शोधकाम आणि कार्यालयीन खर्च त्यात धरले जातात. प्राप्तिकर, कर्जावरील व्याज आणि नव्या खाणींचा खर्च मात्र त्यात नसतो.

३/ म्हणजे ‘सर्वसमावेशक’ म्हणवणारा हा आकडाही सर्वसमावेशक नाही. शिवाय सोन्यासोबत तांबे निघाले, तर त्याच्या विक्रीचे पैसे खर्चातून वजा होतात. तांबे महागले की सोने ‘स्वस्तात’ निघाल्यासारखे दिसते. असा हलता आकडा कशाचा पाया होणार?

४/ याहून मोठी गोम अशी की, भाव खर्चामागे चालत नाही. बऱ्याचदा खर्चच भावामागे चालतो. समजा, एक टन दगड काढून दळण्यास ६० डॉलर लागतात. टनामागे २ ग्रॅम सोने असेल, तर एका औंसाला (३१.१ ग्रॅम) सुमारे ९३३ डॉलर पडतात. भाव उतरताच व्यवस्थापक ३ ग्रॅमचा समृद्ध थर आधी खोदतो, आणि खर्च ६२२ डॉलरवर येतो. खाण तीच, मजूर तेच. ‘तळ’ मात्र एक तृतीयांशाने खचला.

५/ प्रत्यक्षात हेच घडले. सोन्याचा सरासरी भाव २०१३ मध्ये सुमारे १,४११ डॉलर होता, तो २०१५ मध्ये १,१६० वर आला. त्याच काळात बॅरिक या बलाढ्य कंपनीची एआयएससी ९१५ वरून ८३१ डॉलरवर उतरली. ज्या खर्चाने भावाला अडवायचे, तोच भावाबरोबर पायऱ्या उतरत होता.

६/ ज्या खाणीला असे उतरता येत नाही, तिचे काय होते? कोलार. चित्रपटामुळे नाव सर्वांना ठाऊक आहे. शेवट फार थोड्यांना. तेथे खोदकाम तीन किलोमीटरहून खोल गेले होते. तेवढ्या खोलीवर हवा थंड ठेवणे, पाणी उपसणे, माणसे खाली-वर नेणे यांचा खर्च वाढतच जातो. आणि दगडातले सोने तर वर्षागणिक कमी होत गेले होते. निवडायला समृद्ध थरच उरला नव्हता.

७/ २८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्सने कोलारची खाण बंद केली. तेव्हा भाव औंसाला २६० ते २७० डॉलर होता. एप्रिलच्या आरंभी तो २५६ पर्यंत आणखी उतरला. कोलारचा खर्च भावाहून वर होता; त्याने भाव वर ओढला नाही, खाणच मिटली आणि हजारो कामगारांची घरे उघडी पडली.

८/ ‘एका लहान खाणीने काय होते?’ असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण सगळ्या खाणी धरल्या तरी उत्तर बदलत नाही. लासलगावचा कांदा खर्चाखाली विकला जातो, मग शेतकरी लागवड घटवतो, जुना कांदा खाल्ला वा सडला जातो आणि भाव सावरतो. सोने सडत नाही. आजवर काढलेले दोन लाख टनांहून अधिक सोने बहुतांशी कुठे ना कुठे शिल्लक आहे; वर्षाची नवी भर दीड-दोन टक्क्यांची. खाणी थांबल्या तरी विकायला सोने असतेच.

९/ मग तळ कोण ठरवतो? बाळगणारे. मे १९९९ मध्ये ब्रिटनने आपल्या साठ्यातील सोने विकण्याची घोषणा केली आणि भाव सुमारे २५२ डॉलरपर्यंत घसरला. २६ सप्टेंबर १९९९ रोजी युरोपातील मध्यवर्ती बँकांनी वॉशिंग्टनमध्ये ‘वर्षाला ४०० टनांहून अधिक विकणार नाही’ असा करार जाहीर केला. काही दिवसांत भाव ३२० च्या पुढे गेला. खाणींचा खर्च त्या आठवड्यात बदलला नव्हता. बदलला होता तो विकणाऱ्यांचा हात.

१०/ एआयएससी निरुपयोगी नाही. कोणती खाण मंदीत तगेल, कोणती आधी बुडेल, हे ती चांगले सांगते. पण ती खाणमालकाची चिंता मोजते, तुमच्या तोळ्याची हमी देत नाही. ‘खर्च अमुक आहे, म्हणून भाव त्याखाली जाणार नाही’ असे सांगणाऱ्याला एवढेच विचारा : मग कोलार बंद का पडले?