‘काही काम नाही’ हे आधी लिहा

माझ्या फोनच्या नोट्समध्ये एक फाइल होती. नाव ‘ताई’. सव्वादोन वर्षांत तिच्यात अकरा मेसेज लिहिले गेले आणि एकही पाठवला गेला नाही. बारावा पाठवला. त्याबद्दल लिहितोय, कारण हॉस्टेलवर, लायब्ररीत, नागपूरच्या बसमध्ये बोलता बोलता कळतं, की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये अशी एक फाइल असते. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण. भांडण घरच्या मोठ्यांचं आणि अबोला आपल्या वाट्याला आलेला.

आमचं भांडण काटोलकडच्या कुठल्याही घरात होऊ शकतं तसलं. 2019 मध्ये बाबा गेले. मागे चार एकर संत्र्याची बाग, आई, दादा, ताई आणि अकरावीतला मी. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. म्हणजे कायद्यानं आम्ही चौघंही वारस. सातबारावर चौघांची नावं चढली आणि तेरवी होऊन महिना होत नाही तोच घरात एक शब्द फिरायला लागला: हक्कसोडपत्र. ‘बहिणी सोडतातच’, ‘सगळ्याच सोडतात’, ‘फक्त एक सही तर आहे’. आपल्याकडे हे इतक्या सहज म्हटलं जातं, की ती सही म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंद होणारा दस्त आहे आणि नंतर फेरफार होऊन तिचं नाव सातबारावरून निघून जातं, हे कुणी तिला समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही.

तो मसुदा वरुडला ताईच्या सासरी कुणी न्यायचा? दादा गेला तर भांडण होईल. म्हणून मला पाठवलं. लाडका, लहान, मला ती नाही म्हणणार नाही असा हिशोब. मी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन एसटीनं गेलो. ताईनं ते वाचले, घडी घातली आणि मला विचारलं, “तुले काय वाटते रे?” मी म्हणालो, “दादा म्हणते तसं कर ना.” तिनं कागद पिशवीत परत ठेवले, मला जेवायला वाढलं आणि बसपर्यंत सोडायलाही आली. त्या रात्री ती घरच्या ग्रुपमधून बाहेर पडली. त्यानंतर सहा वर्षं काही नाही.

मी तिची बाजू बरोबर की दादाची, हे इथे मांडणार नाही. मला मत आहे, आणि कॉलेजमध्ये आल्यावर कायदा वाचून ते पक्कं झालंय: 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात तो जन्मानंच मिळतो हे स्पष्ट केलं. पण गंमत अशी, की हे कळल्यावर माझे मेसेज आणखी वाईट झाले. पाचवा मसुदा तर जवळजवळ निबंध होता. तारखा, कलमं, ‘तू बरोबर होतीस’, ‘दादाला समजवतो’. वाचताना मलाच कळलं, की मी ताईशी बोलत नव्हतो, मी निकाल देत होतो. आणि निकाल आला की अपील आलंच.

कॉर्नेल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलेमर यांनी अमेरिकेत तुटलेल्या नात्यांवर मोठा अभ्यास केला. 1300 हून अधिक लोकांचं सर्वेक्षण, आणि ज्यांचं पुन्हा जुळलं अशांच्या लांब मुलाखती. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसली: जुळलेल्यांनी ‘आधी समोरच्यानं मान्य करावं की तेव्हा नेमकं काय घडलं’ हा हट्ट सोडला होता. भूतकाळाबद्दल त्यांचं एकमत झालंच नव्हतं, ते त्याशिवाय पुढे गेले. मला हे वाचून बरं वाटलं. कारण आमच्या घरात एकमत व्हायचं असेल तर मला वाटतं आणखी दोन पिढ्या लागतील.

तर मग मेसेजमध्ये लिहायचं काय?

मी आधी काय खोडलं ते सांगतो. पहिलं गेलं ते ‘जे झालं ते झालं’. वाक्य मोठ्या मनाचं वाटतं, पण ते कुणी म्हणायचं? ज्याचं काही गेलं नाही त्यानं म्हटलं तर त्याचा अर्थ ‘विसर आता’ एवढाच होतो. मग ‘आईसाठी तरी’ गेलं. आईच्या नावानं आणलेला दबाव ताईनं आयुष्यभर ओळखलाय. मग राखीचा मुहूर्त गेला. मला वाटलं होतं, राखीला किंवा भाऊबीजेला मेसेज टाकला की सोपं जाईल. पण सणाच्या दिवशी बहिणीला उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर तीच वाईट ठरते. शिवाय त्या दिवशी तिच्या फोनवर शंभर फॉरवर्ड येणार, त्यातलाच एक मी. साधा मंगळवार बरा.

सगळ्यात जास्त जीव तुटला तो नववा मसुदा खोडताना. फेब्रुवारी होता, बागेत आंबिया बहाराची फुलं लागली होती. रात्री त्या पांढऱ्या फुलांचा वास घरापर्यंत येतो, काटोलच्या माणसाला तो सांगावा लागत नाही. मी लिहिलं, ‘ताई, आंबिया फुटला, बाबांनी जंभेरीवर बांधलेली झाडं यंदा भरून आलीत, तुझी आठवण आली.’ सुंदर वाटलं. सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा थंडच पडलो. बाग! जिच्यावरून सगळं झालं तीच मी पहिल्या ओळीत आणली होती. मला वास आठवला, तिला वाचायला मिळालं असतं: बाग आमच्याकडे आहे आणि छान चाललीय. पहिल्या मेसेजसाठी आठवण निवडताना एवढंच तपासा, की ती वस्तू, ती जागा, तो माणूस भांडणाच्या कागदात कुठे येतो का. येत असेल तर ती आठवण कितीही गोड असो, बाजूला ठेवा.

शेवटी पाठवलं ते असं:

‘ताई, मी छोटू. आज बसस्टँडवर तर्री पोहे खाल्ले. तू डबल तर्री मागायचीस आणि मग नाक पुसत बसायचीस, ते आठवलं. लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं. काही काम नाही. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. माझा नंबर हाच आहे.’

यातलं ‘काही काम नाही’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जमिनीवरून अबोला धरलेल्या घरांत वर्षांनी मेसेज येतो तो बहुतेक वेळा कामासाठीच. कर्जासाठी संमती हवी, पटवारी सही मागतोय, घरात लग्न आहे आणि लोक काय म्हणतील. समोरचा माणूस मेसेज उघडताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की याला आता काय पाहिजे? त्याचं उत्तर आधी द्या, आणि ते खरं असू द्या. महिन्याभरात तुम्हाला तिची सही लागणारच असेल तर असा मेसेज पाठवू नका, सही लागते हे सरळ सांगा. ते रूक्ष आहे, पण फसवणूक नाही.

जमिनीचं आणखी एक. वाद कोर्टात असेल किंवा जायची शक्यता असेल तर व्हॉट्सॲपवरचं लिहिणं पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. ‘तुझा हिस्सा देऊ’ किंवा ‘तू तर सोडलाच होतास’ असलं काही भावनेच्या भरात लिहिणं दोन्हीकडून महाग पडतं. हिश्श्याचं बोलणं वेगळ्या वाटेनं, वकील किंवा कागदांसह होऊ द्या. तुम्ही बोलायला लागलात म्हणून कुणाचा हक्क कमी होत नाही, हेही लक्षात असू द्या.

एकच टिक आली, डीपी दिसत नाही, दिवसभरानंतरही तसंच, तर कदाचित ब्लॉक असेल. तेव्हा भाऊजींकडून किंवा मैत्रिणीकडून निरोप पाठवू नका, तिसरा माणूस आला की पंचायत बसते. अंतर्देशीय पत्र चालतं. पोस्टकार्ड सासरी सगळे वाचतात, आणि पोचपावती घेणारं पाकीट आलं की वकिलाची नोटीस आली असं वाटून घरात धावपळ होते. पत्रालाही उत्तर नाही, किंवा ‘नको’ असं उत्तर आलं, तर थांबायचं. आणि जिथे मारहाण झालीय, जिथे माणूस जीव वाचवून लांब गेलाय, तिथे दार वाजवायचा हक्क आपल्याला नाही.

माझ्या दोन निळ्या टिक तासाभरात आल्या. उत्तर अकराव्या दिवशी: ‘आईचे गुडघे कसे आहेत?’

इथे मी पुन्हा घसरणार होतो. वाटलं, आता सगळं लिहून टाकावं. पण प्रश्न गुडघ्यांचा होता. उजवा जास्त दुखतो, जिना चढत नाही, गोळी रात्री घेते, एवढंच लिहिलं. पुढचे दोन महिने आम्ही गुडघे, तिच्या मुलीची शाळा आणि माझे बॅकलॉग यांवर बोललो. मग एका रात्री तिनंच लिहिलं, ‘त्या दिवशी तू तरी काऊन आला होतास?’

मी बराच वेळ टाइप करून खोडत होतो. ‘मी लहान होतो’ खोडलं, खरं असूनही. ‘दादानं पाठवलं’ खोडलं, तेही खरंच होतं. राहिलं ते असं: ‘मी आलो. तू मला विचारलंस आणि मी दादाचं नाव पुढे केलं. ते माझं चुकलं.’ पुढे ‘पण’ नाही. दादाचं काय चुकलं ते दादानं सांगावं, ती माझी सही नाही.

तिनं त्यावर काही लिहिलं नाही. दिवाळीला ती आली नाही. सातबारावर चार नावं आहेत तशीच आहेत, दादा आणि ती बोलत नाहीत. गेल्या रविवारी मात्र वरुडहून एक फोटो आला. पोह्यांची प्लेट, वर लालभडक तर्री, बाजूला चुरगळलेला रुमाल.