खालाच्या पर्समधलं सोनं

मार्च 2026 मध्ये अकोल्याची माझी खाला उमराहहून परतली. येताना तिच्या पर्समध्ये 60 ग्रॅमचे दागिने होते. ते तिचे नव्हते. रियाधमध्ये तीन वर्षं नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने बहिणीच्या लग्नासाठी घेतले होते. तो पुढच्याच महिन्यात येणार होता, तरी घरात ठरलं, "बाईमाणसाला 40 ग्रॅम माफ असतं, खालाजवळ दे."

खाला ग्रीन चॅनेलमधून निघाली आणि अडवली गेली. बिल भाच्याच्या नावावर, पर्स खालाची. सोनं कस्टम्सकडे राहिलं आणि तिच्या हातात एक पावती आली. बासष्ट वर्षांच्या बाईला आता जबाब द्यायचा आहे, "हे कुणी दिलं?"

मला राग कस्टम्सचा नाही, आपल्या घरच्या शहाणपणाचा आहे. कारण हिशेब त्यांनी उलटा केला.

आधी नियम. 2016 च्या बॅगेज नियमांत बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम दागिने माफ होते, पण त्यावर किमतीची मर्यादा होती: बाईला 1 लाख, पुरुषाला 50 हजार रुपये. भाव चढत गेले तशी ती सूट नावापुरती उरली. फेब्रुवारी 2026 च्या नव्या नियमांनी किमतीची अट काढली, वजनाची ठेवली. लगेच व्हॉट्सॲपवर फिरू लागलं, "आता 40 ग्रॅम सगळ्यांना फ्री." अमरावतीच्या निम्म्या ग्रुपांवर मी तो मेसेज पाहिला. त्यात एक ओळ गायब होती: ही सूट परदेशात एक वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यालाच आहे. पंधरा-वीस दिवसांच्या उमराहला गेलेल्या बाईला ती लागू नाही.

दुसरी गोष्ट दराची. जुलै 2024 च्या कपातीनंतर, परदेशात किमान सहा महिने राहून येणाऱ्या भारतीयाला सोन्यावर 6 टक्के ड्युटी लागत होती. मधल्या सुट्ट्या एकूण 30 दिवसांच्या आत असतील तर सहा महिने मोडत नाहीत. मर्यादा एक किलोची आहे, खडे-मोती जडवलेले दागिने यात येत नाहीत आणि ड्युटी परकीय चलनात भरायची असते. या अटीत न बसणाऱ्याला त्याच सोन्यावर 38.5 टक्के लागत होते.

हिशेब सोपा राहावा म्हणून 10 ग्रॅमचे 1 लाख रुपये धरू. भाच्याने स्वतः 60 ग्रॅम आणले असते तर त्यातले 20 ग्रॅम माफ झाले असते. उरलेल्या 40 ग्रॅमची किंमत 4 लाख, त्यावर 6 टक्के म्हणजे 24 हजार रुपये. तेच 60 ग्रॅम खालाच्या हातात आले की किंमत 6 लाख, ड्युटी 2 लाख 31 हजार. आणि हे खरं सांगून भरलं तर. लपवून निघालो की माल जप्त, सोडवायचा तर दंड वेगळा आणि माणसावर दंड वेगळा. 24 हजार वाचवायला निघालेल्या घराने हे ओढवून घेतलं.

सूट माणसाच्या मुक्कामाला मिळते, सोन्याला नाही. ती दुसऱ्याच्या पर्समध्ये घालून पाठवता येत नाही.

मग करायचं काय? ज्याचं सोनं, त्यानेच आणावं. सोबत दुकानाचं बिल, नोकरीचा इकामा आणि येण्या-जाण्याचे शिक्के असलेला पासपोर्ट ठेवावा. ड्युटीपुरते रियाल किंवा डॉलर वेगळे काढावेत. विमानात बसण्याआधी त्या दिवशीचे दर पाहावेत. सूट ओलांडली की रेड चॅनेलला जाऊन वजन सांगावं आणि पावती घ्यावी. कस्टम्स किंमत धरतं ती सरकारने जाहीर केलेल्या दराने, म्हणून बिलाशी थोडा फरक पडेल. ड्युटी परवडत नसेल तर, खरं सांगितलेलं असल्यास, कस्टम्स कायद्याच्या कलम 80 खाली सामान ठेवून घेण्याची आणि पुन्हा परदेशी जाताना परत देण्याची विनंती करता येते. ग्रीन चॅनेलमध्ये पकडल्यावर हा दरवाजा बंद होतो.

राहिला आपल्या लोकांचा लाडका शब्द: अमानत. "हाजीसाहेब, एवढी अमानत पोचवा." बंद पुडकं, वर एक फोन नंबर. अमानत देणारा आधी सांगतो आत काय आहे आणि त्याचा धोका काय. जो सांगत नाही, तो पांढऱ्या दाढीचा आणि बुरख्याचा आडोसा घेतो. पकडला गेल्यावर त्याचा नंबर लागत नाही. ज्याच्या सामानात माल सापडला, जबाब त्यालाच द्यावा लागतो.

तुमच्या घरातून कुणी उमराहला निघालं असेल तर बॅग भरतानाच सांगा: येताना खजूर आणि ज़मज़म आणा, दुसऱ्याचं सोनं नको. आणि आखातातल्या भावाला सांगा, बहिणीच्या लग्नाचे दागिने स्वतःच्या हाताने आण, ड्युटी भर आणि पावती त्याच डब्यात ठेव.