प्रोफाइल लॉक केलं, पण पेजचं काय?

१ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ ॲप उघडकीस आलं. बोलणाऱ्या मुस्लिम स्त्रिया, पत्रकार आणि कार्यकर्त्या निवडून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. मुंबईच्या सायबर पोलिसांनी आरोपींना अटक केली. फोटो मात्र त्या स्त्रियांच्याच सोशल मीडियावरून उचललेले होते. आज असा समोरून काढलेला एक स्पष्ट फोटो मिळाला, तरी तो चेहरा दुसऱ्या देहावर चिकटवता येतो.

यावर आपल्यातलेच काहीजण म्हणतात, “पोरींनी फोटो टाकूच नयेत.” हा सल्ला मला मान्य नाही. घराबाहेर पडू नका, याचंच ते नवं रूप आहे. प्रश्न फोटो कुणापर्यंत पोचतो हा आहे.

फेसबुकवर प्रोफाइलच्या तीन टिंबांत Lock profile आहे. ते केलं की अनोळखी माणसाला प्रोफाइल फोटो मोठा करून पाहता येत नाही आणि जुने फोटो फक्त मित्रांना दिसतात. छोटा फोटो मात्र दिसतच राहतो. इन्स्टाग्रामचं खातं Private केलं तरी प्रोफाइल फोटो सगळ्यांना दिसतो. म्हणून तिथे जवळून काढलेला चेहरा नको. लांबून किंवा बाजूने काढलेला फोटो लावावा. व्हॉट्सॲपवर Privacy मध्ये Profile photo साठी My contacts निवडा. मग मोठ्या ग्रुपमधल्या ज्यांचा नंबर तुम्ही सेव्ह केलेला नाही, त्यांना फोटो दिसत नाही.

आता खरी गळती पाहू. समजा, लोणावळ्याची एक ताई २५ डिसेंबरला लोकलने देहूरोडच्या धम्मभूमीवर गेली. तिचं प्रोफाइल लॉक आहे. संध्याकाळी मंडळाच्या पेजवर तिचा भाषण करतानाचा, चेहरा भरून दिसणारा फोटो पडतो, सोबत पूर्ण नाव आणि टॅग. ती पोस्ट Public आहे. तिचं कुलूप तिथे लागू होत नाही. टॅग तपासण्याची सोय तिने सुरू केली असेल, तर पोस्ट तिच्या प्रोफाइलवर येण्याआधी तिला विचारलं जाईल. पेजवरून फोटो मात्र हटणार नाही. तो पेज चालवणारा काढू शकतो.

म्हणून जबाबदारी आधी मंडळाची, म्हणजे बहुतेक वेळा आपल्या पोरांची. कार्यक्रमाचा गर्दीचा फोटो Public टाका. एकटीचा जवळून काढलेला फोटो तिला विचारून, नाव न जोडता, किंवा फक्त सदस्यांच्या बंद ग्रुपमध्ये टाका. जुन्या पोस्ट उघडून असे फोटो आजच काढा.

यादीतलाच माणूस स्क्रीनशॉट घेईल, हे कुठलीही सेटिंग पूर्णपणे थांबवत नाही. म्हणून न ओळखणाऱ्या ‘मित्रां’ना यादीतून काढा. आणि तरीही कुणी चेहरा वापरलाच, तर पोस्टची लिंक आणि स्क्रीनशॉट जपून cybercrime.gov.in वर तक्रार करा. तेव्हा “फोटो का टाकलास?” असं तिला विचारणारा माणूस आपल्या मंडळात नसावा.