सीलबंद पिशवी म्हणजे परवाना नव्हे

संपादक महाशय,


'विमानतळावर दिवसाढवळ्या लूट' हे गेल्या आठवड्यातलं पत्र वाचलं. पत्रलेखकांची चीड खोटी नाही. दुकानात रीतसर पैसे भरून घेतलेली बाटली, लाल काठाच्या पारदर्शक पिशवीत दुकानदारानेच सील केलेली, आणि पुढच्या विमानतळावरचा सुरक्षा कर्मचारी ती बाजूला काढून ठेवतो. कुणालाही राग येईल. पण हा राग त्यांनी ज्याच्यावर काढला आहे, त्याच्याकडे माझ्या मते सगळ्यात कमी दोष जातो. मी बरीच वर्षं विमानतळावर प्रवाशांच्या सामानाशी संबंधित काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

या पिशवीकडून आपण नको तेवढ्या अपेक्षा ठेवतो. विक्रीनंतर ती कुणी उघडलेली नाही, एवढंच ती सांगते. काठावर ओढाताण झाली की तिथे खुणा उमटतात आणि आतली पावती बाहेरून वाचता येते. बाटलीत काय आहे, हे मात्र पिशवी सांगू शकत नाही. 2006च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला आणि त्यातून हातातल्या सामानात 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नको, हा नियम जगभर पसरला. ड्युटी फ्रीची सीलबंद पिशवी ही त्याच नियमातली सवलत. पण दुसऱ्या देशाच्या दुकानाने लावलेल्या सीलवर डोळे मिटून विश्वास ठेवायला कुठलाच देश सहज तयार नसतो. युरोपात 2014च्या जानेवारीअखेरपर्यंत बाहेरून आलेल्या बहुतेक प्रवाशांच्या अशा बाटल्या काढूनच घेत. त्यानंतर बाटली यंत्रातून तपासून सोडायला सुरुवात झाली. अमेरिकेतही त्याच सुमारास तशी मुभा मिळाली. म्हणजे बाटलीची सुटका होते ती यंत्राने 'ठीक' म्हटल्यावर. पिशवी अखंड असेल, तर बाटली यंत्रापर्यंत पोहोचते, इतकंच.

आता एक उदाहरण घ्या. समजा, डॅलसला मुलीकडे निघालेलं ठाण्याचं एक जोडपं मुंबईहून दुबई, तिथून न्यूयॉर्क आणि मग डॅलस असा प्रवास करतं. दुबईच्या दुकानात ते जावयासाठी व्हिस्कीची काचेची बाटली घेतात, आणि व्याह्यांसाठी चिनी मातीच्या सुरेख कुपीतली दारू. दोन्ही एकाच पिशवीत सील होतात. न्यूयॉर्कला उतरल्यावर इमिग्रेशन होतं, पट्ट्यावरून मोठ्या बॅगा घेतल्या जातात, कस्टम्स पार पडतं आणि बाहेर पडताच बॅगा पुन्हा विमान कंपनीच्या ताब्यात द्यायचा काउंटर लागतो. थकलेले, घाईतले प्रवासी बॅगा तिथे टाकतात आणि पिशवी हातात घेऊन डॅलसच्या विमानासाठी सुरक्षेच्या रांगेत उभे राहतात.

तिथे पुढे काय होईल, ते मी सांगू शकतो. पिशवी अखंड आहे, पावती आत आहे, खरेदी 48 तासांच्या आतली आहे. इथपर्यंत सगळं ठीक. काचेची बाटली बहुधा यंत्रातून पार पडेल. कुपी मात्र अडेल, कारण चिनी माती, धातू किंवा अपारदर्शक वेष्टनाच्या आतलं द्रव यंत्राला खात्रीने तपासता येत नाही आणि जे तपासता येत नाही ते विमानात जाऊ शकत नाही. यात शिपायाची मर्जी चालत नाही. रसगुल्ल्यांच्या पाकाने भरलेल्या पत्र्याच्या डब्याचीही तीच गत. आणि विमानात कुणी 'पिशवी फार जागा खाते' म्हणून फाडून बाटली खांद्यावरच्या बॅगेत कोंबली असेल, किंवा न्यूयॉर्कला दोन रात्री भाच्याकडे काढल्या असतील, तर काचेच्या बाटलीचाही निकाल तिथेच लागला म्हणायचा.

गंमत म्हणजे या जोडप्याच्या हातात उपाय होता. पट्ट्यावरून बॅग घेतल्यावर आणि ती काउंटरवर देण्याआधी, दोन्ही बाटल्या कपड्यांत नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकता आल्या असत्या. तिथे 100 मिलिलिटरचा प्रश्नच येत नाही. सत्तर टक्क्यांहून तीव्र नसलेली, बंद बाटलीतली दारू माणशी पाच लिटरपर्यंत बॅगेत चालते. परदेशातून मुंबईला उतरून नागपूरचं विमान धरणाऱ्यांनीही हेच करावं. मुंबईत कस्टम्ससाठी बहुतेक वेळा बॅगा हातात येतातच. आणि मुंबईच्या आगमन कक्षातच ड्युटी फ्री दुकान असताना एवढ्या लांबून बाटली वाहून का आणायची, हे कोडं मला आजवर उलगडलेलं नाही.

युरोपात मात्र हा उपाय चालत नाही. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे हॅम्बुर्गला जाणाऱ्याची मोठी बॅग थेट हॅम्बुर्गला उतरते. फ्रँकफर्टला सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि तेव्हा बॅग कुठे आहे, हे प्रवाशालाही माहीत नसतं. बाटली अडली, तर ती तिथेच सोडून पुढे जायचं. काही विमानतळांवर नवी स्कॅनिंग यंत्रं आल्यामुळे मोठ्या बाटल्यांना सूट मिळते, असं आपण ऐकतो. पण 2024च्या सप्टेंबरमध्ये युरोपीय संघाने अशा यंत्रांवरही काही काळ पुन्हा 100 मिलिलिटरची मर्यादा आणली होती. एका विमानतळाची सवलत दुसऱ्याला बांधील नसते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता दोषाबद्दल. विक्रेता गल्ल्यावर बोर्डिंग पास स्कॅन करतो आणि त्यावर फक्त पुढचं विमान दिसतं. शेवटचं ठिकाण त्याला कळत नाही आणि जाणून घेण्याची त्याला गरजही वाटत नाही, कारण बाटली विकली गेली की व्यवहार संपला. 'पुढे आणखी एखादं विमान आहे का? वाटेत कुठे सुरक्षा तपासणी आहे?' एवढं विचारायला दोन वाक्यं लागतात. त्याचं उत्तर 'हो' असेल, तर कुपी विकू नये किंवा निदान ती पुढे अडू शकते हे स्पष्ट सांगावं. मी पाहिलेल्या बहुतेक पिशव्यांवर 'शेवटच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत उघडू नये' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते वाचून माणसाला वाटतं, उघडली नाही की झालं. अडवणूक कधी होते, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून पत्रलेखकांना माझी विनंती आहे की तक्रार दुकानाकडे करावी, पावतीची प्रत आणि पुढच्या विमानाचा तपशील सोबत जोडून. मुंबई विमानतळावर दुकानं चालवणाऱ्यांनीही पुढचा प्रवास विचारण्याची सक्ती गल्ल्यावर करावी आणि बाटली पुढे अडू शकते हा इशारा मराठी, हिंदी, इंग्रजीत मोठ्या अक्षरांत पिशवीवर छापावा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली