‘पगार कमी का आला?’ याचं उत्तर ‘नियमानुसार’ असं देऊ नका

माझं मत आधीच सांगून टाकतो. पगाराबद्दल प्रश्न आला की आपण अकाउंटंटचा मेसेज जसाच्या तसा पुढे ढकलतो. त्यात आकडा बरोबर असतो, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतं. मग माणूस ‘ओके शेठ’ लिहितो आणि गोडाऊनमध्ये जाऊन दुसऱ्याला विचारतो, ‘तुझे किती कापले रे?’ संशय तिथून सुरू होतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. महाराष्ट्रातलं कापडाचं दुकान आहे, 22 माणसं कामाला. एका सेल्समनचा महिन्याचा पगार 16,800 रुपये. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000, घरभाडे भत्ता 2,800. जानेवारीत पूर्ण हजेरी होती, हातात 14,794 आले. 28 दिवसांच्या फेब्रुवारीत दोन दिवस बिनपगारी रजा झाली आणि 13,623 आले. त्याने मेसेज टाकला:

‘शेठ, 1,171 रुपये कमी आलेत. दोन दिवसांचे तर 16,800 भागिले 30 गुणिले 2, म्हणजे 1,120 होतात. वरचे 51 कसले?’

अकाउंटंटचं उत्तर तयार होतं: ‘एलओपी 2 दिवस, पीएफ 1,560, ईएसआय 117, पीटी 300, नियमानुसार कपात.’

यात चूक एकही नाही. पण त्याने 51 रुपये विचारले होते आणि 51 या उत्तरात कुठेच नाहीत. उलट त्याने आजवर न मोजलेले चार आकडे समोर आले, त्यामुळे आता त्याला पाच शंका आहेत.

आधी फरक दाखवा, मग कपात

माणूस कपातीची यादी मागत नसतो. ‘मागच्या महिन्यापेक्षा कमी का?’ एवढंच त्याला हवं असतं. म्हणून उत्तराची सुरुवात दोन महिन्यांच्या फरकापासून करायची. मग प्रत्येक भागाला तीनच गोष्टी सांगायच्या: रक्कम कशावर काढली, ती गेली कुठे, आणि मागच्या महिन्यापेक्षा वेगळी का आली. पुन्हा लिहिलेलं उत्तर असं होतं:

‘तुम्ही विचारलंत ते बरोबर केलंत. जानेवारीपेक्षा 1,171 कमी आलेत, त्याचा हिशोब असा:

1. रजा: तुमच्या नेमणूकपत्रात दिवसाचा पगार त्या महिन्याच्या दिवसांवर काढायचा असं लिहिलंय. फेब्रुवारीचे दिवस 28, म्हणून 16,800 भागिले 28 म्हणजे दिवसाला 600. दोन दिवसांचे 1,200 कमी झाले. तुम्ही 30 ने भागलंत, म्हणून 80 चा फरक दिसला.

2. पीएफ: मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के. दोन दिवस कमी भरल्यामुळे ही रक्कम 13,000 झाली, त्यावर 1,560. जानेवारीत 1,680 होते, म्हणजे इथे 120 कमी कापले. हे पैसे तुमच्याच खात्यात आहेत, पासबुकात दिसतील.

3. ईएसआय: 15,600 च्या पाऊण टक्का, म्हणजे 117. जानेवारीत 126 होते, 9 कमी कापले. हे पैसे परत मिळत नाहीत. हा तुमच्या आणि घरच्यांच्या उपचारासाठीचा विमा आहे.

4. व्यवसाय कर: हा सरकारकडे जातो. वर्षाचे 2,500 असतात. अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300. म्हणून या महिन्यात 100 जास्त.

बेरीज: 1,200 उणे 120 उणे 9 अधिक 100 = 1,171.

तुमचे 51: रजेचे 80 जास्त, व्यवसाय कर 100 जास्त, पीएफ-ईएसआय 129 कमी. 180 उणे 129 = 51.’

मेसेज लांब आहे, मान्य. पण याच्यानंतर विचारण्यासारखं फारसं उरत नाही.

बिनपगारी रजेला ‘कपात’ म्हणू नका

पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर हे मिळालेल्या पगारातून वजा होतात. रजेचे दोन दिवस तर पगारात धरलेलेच नसतात. सगळं एकाच ‘कपात’ रकान्यात टाकलं की त्याला वाटतं, शेठने 3,000 च्या वर कापले. प्रत्यक्षात खरी कपात 1,977 आहे, जानेवारीच्या 2,006 पेक्षाही कमी! म्हणून स्लिपवर आधी ‘भरलेले दिवस 26, त्याचा पगार 15,600’ असं लिहा आणि त्याच्याखाली कपात.

‘मीही तेवढेच भरतो’ हे अर्धवट सांगू नका

पीएफ समजावताना मालक छाती पुढे काढून सांगतो, ‘तुझे 1,560, माझेही 1,560.’ वाक्य खरं आहे. पण सेल्समन पासबुक उघडतो तेव्हा त्याला मालकाच्या रकान्यात 477 दिसतात. बाकीचे 1,083 वेगळ्या पेन्शनच्या रकान्यात असतात, कारण मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात. हे आधी सांगितलं नसेल तर तुमचं खरं बोलणंही खोटं वाटतं. एक ओळ वाढवा: ‘माझ्या 1,560 पैकी 477 तुमच्या पीएफ खात्यात, 1,083 तुमच्या पेन्शनमध्ये.’ ईएसआयमध्ये मालकाचे सव्वातीन टक्के, इथे 507 रुपये, तेही सांगायला हरकत नाही.

कॉपी-पेस्ट कुठे फसतं

हेच उत्तर तुम्ही त्याच पगारावरच्या सेल्सगर्लला पाठवलं तर ते चुकीचं ठरेल. महाराष्ट्रात महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. तिच्या स्लिपवर 300 दिसत असतील, तर तिथे समजावायचं काही नाही, पैसे परत करायचे. म्हणून नमुना जपून ठेवा, पण आकडे दर वेळी त्या माणसाच्या स्लिपवरून घ्या.

सोप्या भाषेची मर्यादा

आता कोणी म्हणेल, एवढं लिहायला वेळ कुणाला आहे? बघा, पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर यांचे नियम ठरलेले आहेत. हे एकदा नीट लिहिलं की दर महिन्याला फक्त आकडे बदलतात. खरी अडचण पहिल्या ओळीत आहे. दिवसाचा पगार 26 ने भागून काढला तर 646 येतो, 28 ने 600 आणि 30 ने 560. तुमच्याकडे कुठला भाजक आहे, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नसेल आणि रजा कापताना एक, ओव्हरटाइम देताना दुसरा वापरला जात असेल, तर कितीही गोड मराठीत लिहा, ते पटणार नाही. पटूही नये.

माझ्या मते असं उत्तर लिहून बघणं ही मालकाचीच परीक्षा आहे. ज्या ओळीला ‘कशावर काढलं’ हे तुम्हाला एका वाक्यात लिहिता येत नाही, ती ओळ पाठवू नका. आधी अकाउंटंटला विचारा. तिथे एकतर तुम्हाला नियम माहीत नाही, नाहीतर दुकानात नियमच नाही. पाठवण्याआधी खालची बेरीज स्वतः करा. ती त्याने विचारलेल्या आकड्याशी रुपयाला रुपया जुळली, तरच मेसेज सोडा.