दहावीचं वेळापत्रक: सगळ्यात कच्च्या विषयाला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा का?

‘जो विषय कच्चा, त्यालाच जास्त वेळ दे,’ हा सल्ला घराघरात मिळतो. राज्य मंडळाच्या दहावीत मात्र तो अर्धाच खरा आहे. कारण आहे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’. पास सहाही विषयांत व्हावं लागतं, पण टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरच निघते.

समजा, सराव परीक्षेत एकीला मराठीत 85, सामाजिक शास्त्रांत 84, हिंदीत 80, विज्ञानात 72, इंग्रजीत 58 आणि गणितात 38 मिळाले. पाचांची बेरीज 379, म्हणजे 75.8 टक्के. आता गणित 55 वर नेलं तरी टक्केवारी तीच, कारण गणित अजूनही सहावंच. तेच कष्ट इंग्रजीवर घेऊन 68 केले, तर थेट 77.8 टक्के. मराठी 85 वरून 88 झालं, तर वाढ जेमतेम 0.6.

म्हणून गणित सोडायचं? अजिबात नाही. 38 मध्ये अंतर्गत मूल्यमापनाचे 18 असतील, तर 80 च्या लेखीत फक्त 20 पडलेत. हे अगदीच काठावर आहे. तेव्हा 50 पर्यंत जायचंच.

रोजचे चार तास असतील तर मी असे वाटेन: इंग्रजी दीड तास, गणित सव्वा तास, विज्ञान पाऊण तास आणि उरलेला अर्धा तास बाकीच्या तिघांना आलटून पालटून. दर रविवारी एक पेपर घड्याळ लावून सोडवायचा. तीन आठवड्यांत इंग्रजी हललं नाही, तर तास वाढवण्याआधी गुण व्याकरणात जातायत की लेखनात, ते उत्तरपत्रिकेत बघा.

अकरावीला गणित घ्यायचं असेल, तर मात्र हा हिशोब पुरणार नाही. तिथे हाच कच्चा पाया नडतो.